‘तोटा मर्यादित’ सांगून खात्याचा धोका अडीचपट कसा केला जातो

सिंहगड रस्त्यावर ऑप्शनचे क्लास घेणाऱ्या एकाने एका निवृत्त गृहस्थांचं खातं ‘दरमहा ठरलेलं उत्पन्न, तोटा मर्यादित’ असं सांगून चालवायला घेतलं. डाव निफ्टीवरचा आयर्न काँडॉर, म्हणजे वर कॉल आणि खाली पुट विकून, त्यांच्या बाहेरचे विकत घेऊन, निफ्टी मधल्या पट्ट्यात राहील यावर लावलेला. त्यात खोट नव्हती, ती पुढच्या अ‍ॅडजस्टमेंटमध्ये होती. खालचे भाव समजण्यासाठी घेतलेत, पण पद्धत हीच.

निफ्टी 25,000 वर, एक्स्पायरीला दोन आठवडे. 25,500 चा कॉल 68 ला विकला, 25,700 चा 36 ला घेतला. 24,500 चा पुट 72 ला विकला, 24,300 चा 44 ला घेतला. हातात आले 32 अधिक 28, म्हणजे 60 पॉइंट. स्ट्राइकमधलं अंतर 200, म्हणून जास्तीत जास्त तोटा 140. लॉट 75 चा धरला तर (आकार बदलतो, चालू करारात पाहावा) नफा फार तर 4,500 रुपये आणि तोटा 10,500. ना नफा ना तोटा 24,440 आणि 25,560 ला. एक्स्पायरीपर्यंत नुसतं धरून ठेवलं, तर दहापैकी सात वेळा पूर्ण नफा झाल्यावर कुठे हिशेब बरोबरीत येतो, तोही खर्च सोडून. क्लासमध्ये फक्त 4,500 दाखवतात.

निफ्टी 25,450 वर गेला. कॉल स्प्रेड, म्हणजे विकलेल्या आणि घेतलेल्या कॉलची जोडी, 80 ला परत घ्यावा लागला. मग 25,800 आणि 26,000 चा नवा कॉल स्प्रेड 40 ला, पण दोन लॉट विकला. 80 गेले, 80 आले. ‘बघा, तोटा भरून काढला!’ प्रत्यक्षात 48 पॉइंटचा तोटा पक्का झाला होता. आणि 26,000 च्या वर गेल्यास आता 400 वजा 60, म्हणजे 340 पॉइंट जाणार होते: 25,500 रुपये. स्क्रीनशॉटमध्ये हे दिसत नाही, ब्रोकरच्या काँट्रॅक्ट नोटमध्ये दिसतं.

खरी अ‍ॅडजस्टमेंट धोका कमी करते. त्याच वेळी कॉल स्प्रेड तसाच ठेवून खालचा पुट स्प्रेड 8 ला परत घेऊन 24,900 आणि 24,700 चा 28 ला विकला असता, तर जमा 80 झाली असती आणि कमाल तोटा 120 वर आला असता. किंमत एवढीच की खालची सीमा 24,820 ला सरकते, म्हणून बाजार उलटला तर जागा कमी उरते. हे एकदाच करावं, लॉट न वाढवता.

बाहेर पडण्याचे आकडे आधीच लिहून ठेवावेत. पूर्ण काँडॉर 30 ला परत मिळाला की नफा घ्यावा, 120 झाला की सोडावा. विकलेल्या स्ट्राइकला भाव टेकला तरी सोडावा. शेवटच्या तीन दिवसांत धरून ठेवू नये, तेव्हा छोट्या हालचालीनेही भाव झपाट्याने पलटतात. मात्र 120 चा स्टॉप ही हमी नव्हे. 4 जून 2024 ला निफ्टी एका दिवसात जवळजवळ 6 टक्के पडला; अशा दिवशी स्टॉप मागेच राहतो आणि वाचवतात ते विकत घेतलेले बाहेरचे ऑप्शन. ‘प्रीमियम वाचवू’ म्हणून ते काढणाऱ्याकडून खातं त्याच दिवशी काढून घ्यावं.

पासवर्ड किंवा ओटीपी कुणालाही देऊ नये. ठरलेल्या परताव्याची हमी देणारा सल्लागार सेबीचे नियम मोडतो. त्याची नोंदणी सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत असेल तर तक्रार सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर करता येते. प्रत्येक बदलानंतर त्याला एकच विचारावं: आता जास्तीत जास्त किती रुपये जातील?