शेततळं की नाल्यावर बांध? आधी एक खड्डा खणा

अंबड तालुक्यातल्या माझ्या मामेभावाची पाच एकर जमीन. त्यातल्या एका एकरात मोसंबी, बाकीत कापूस आणि तूर. विहीर एकच, पन्नास फुटी. ऑगस्टमध्ये तिला पाच फुटांवर पाणी असतं. फेब्रुवारीत तळ दिसतो. शेताच्या खालच्या बांधाला लागून नाला वाहतो. गेल्या दिवाळीत त्याने विचारलं, "दादा, शेततळं घेऊ का नाल्यावर बांध मागू? दोन्हीत पाणीच अडतंय ना?"

अडतं दोन्हीत. पण शेततळ्यात अडवलेलं पाणी तिथेच राहायला हवं आणि नाल्यातलं तिथून निघून जायला हवं. तळं म्हणजे हौद. सिमेंट नाला बांध म्हणजे जमिनीत पाणी ओतायचं नरसाळं, खरा साठा खालच्या खडकात होतो. म्हणून जी जमीन तळ्याला चांगली ती बांधाला वाईट, आणि उलटंही तसंच. हे लक्षात न घेतल्यामुळे मराठवाड्यात दोन्ही प्रकारची कामं फसलेली दिसतात.

पहिलं काम, खड्डा. तळं जिथे करायचं म्हणताय तिथे जेसीबीने तीन मीटर खाली जा आणि थर बघा. भावाच्या शेतात वर दोन फूट काळी माती, खाली आठ फूट मुरूम, मग काळा पाषाण. काळ्या मातीत पाणी फारसं मुरत नाही, पण तीन मीटर खोल तळ्याचा बहुतेक भाग मुरमातच जाणार. खात्रीसाठी शेजारी मुरमातच मीटरभर लांब-रुंद, मीटरभर खोल छोटा खड्डा करून टँकरचं पाणी भरलं. पहिल्या दिवशीचं धरायचं नाही, कोरडी जमीन अधाशासारखी पिते. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलं, काठीला खूण केली, चोवीस तासांनी बघितलं तर पाणी एक वीत खाली गेलेलं. लहान खड्डा बाजूंनीही पाणी पितो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण रोज पाच सेंटीमीटर उतरलं तरी तीन मीटरचं तळं दोन महिन्यांत रिकामं, म्हणजे ऑक्टोबरला भरलेलं डिसेंबरला गेलं. अशा जागी प्लॅस्टिकचा कागद न अंथरता केलेलं तळं म्हणजे विहीर पुनर्भरणाचा मोठा खड्डा. त्यात वाईट काही नाही, फक्त ते मार्चमध्ये मोसंबीला उपयोगी पडेल अशी आशा ठेवू नये. खोल काळ्या किंवा चिकण जमिनीत मात्र हीच काठी रोज सेंटीमीटरभरच खाली जाताना दिसेल, आणि तिथे बिनकागदाचं तळंही टिकेल.

हीच परीक्षा नाल्याच्या तळाशी केली की निकाल उलटा वाचायचा. भावाने जी जागा मनात धरली होती ती विहिरीच्या अगदी समोर, आणि तिथे तळ म्हणजे सलग काळा पाषाण. खड्डा खणायचीही सोय नाही. आमच्याच शिवारात असा एक बांध आहे. डोंगराच्या कुशीत, पाषाणावर, देखणा. जानेवारीपर्यंत काठोकाठ पाणी, लोक त्याच्यावर बसून फोटो काढायचे. खालच्या तीनही विहिरी फेब्रुवारीत कोरड्या. बांधात पाणी दिसतंय म्हणजे बांध चांगला, असं गावात सगळेच म्हणत, मीही म्हणत असे. खरं तर पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत बांध रिता होतो आणि तेवढ्याच काळात खालच्या विहिरीचं पाणी वर येतं, तोच बांध कामाचा. पाणी उभं राहतंय आणि विहीर हलत नाही, तर एकतर खाली पाषाण आहे, नाहीतर तळाला बारीक गाळ बसून तोंड बंद झालंय. गाळ असेल तर मे महिन्यात काढता येतो. तो काढताना मुरूम लागला की थांबायचं. हौसेने आणखी खोल नेऊन पाषाणाला भिडवलं की हाती काही लागत नाही.

नाल्यात दोनशे मीटर खाली गेलो तर तळाला मुरूम मिळाला आणि दोन्ही काठ पक्के. तिथे आकाराचं गणित मांडलं, ते सांगतो, कारण लोक इथेच स्वतःला फसवतात.

बांधामागे पाणी पाचरीसारखं साठतं: भिंतीपाशी खोल, वर जाताना उथळ. पाण्याच्या नळीने लेव्हल घेतली, शंभर मीटरला तळ ऐंशी सेंटीमीटर चढतो. दीड मीटर उंचीवर पाणी अडवलं तर फुगवटा साधारण 187 मीटर मागे जाईल. नाला नऊ मीटर रुंद. लांबी, उंची आणि रुंदीचा गुणाकार करून त्याचा निम्मा घेतला की झाले सुमारे 1260 घनमीटर. तोच नाला शंभर मीटरला तीन मीटर चढणारा असता तर फुगवटा पन्नास मीटर आणि साठा जेमतेम 340. भिंत तीच, खर्च तोच, पाणी चौथा हिस्सा. म्हणून उतार तीन टक्क्यांच्या आत असावा म्हणतात, आणि मी तर एकाच्या आत शोधतो.

आता 1260 हा एका वेळचा साठा. चांगल्या पावसाळ्यात बांध तीन-चारदा भरतो आणि रिता होतो. चारदा धरला तर पाच हजार घनमीटर, त्यातलं थोडं उन्हाने आणि थोडं वाहून गेलं, चार हजार मुरलं असं म्हणू. आपल्या बेसाल्टी मुरमात पाणी धरायला जागा फार थोडी, शंभरात दोन भाग धरा. म्हणजे एक हेक्टरमध्ये पाणीपातळी मीटरभर उचलायला दोनशे घनमीटर लागतं. चार हजारांत वीस हेक्टरवर एक मीटर. त्या वीस हेक्टरांत भावाची विहीर एक आणि इतरांच्या चार-पाच. मुरलेल्या पाण्याला सातबारा नसतो. खालचा शेजारी नोव्हेंबरात दहा एचपीची मोटार लावून बसला तर तुमच्या वाट्याचं मीटरभर पाणी पौषातच संपतं.

शिवाय नाला सरकारी. तिथे स्वतःच्या पैशाने भिंत घालायची म्हटलं तरी परवानगी आणि तांत्रिक मान्यता लागते. ग्रामसभेत ठराव, मग कृषी किंवा जलसंधारण खात्याचं सर्वेक्षण. त्या सर्वेक्षणाला स्वतः हजर राहा. भिंतीची उंची लोक विचारतात, काठांत ती किती आत गेली आहे हे कुणी विचारत नाही. एका गावात मी असा बांध बघितलाय की भिंत सुकी ठणठणीत उभी आणि नाला शेजारच्या शेतातून नवी वाट काढून गेलेला. सांडव्याची रुंदी कमी पडली, पूर काठावर चढला आणि भिंतीला वळसा घालून निघाला. काठावरच्या झाडांना अडकलेला काडीकचरा कुठपर्यंत आहे ते बघा. पूर किती उंच येतो ते कुठल्याही सूत्रापेक्षा तो बरं सांगतो. सांडवा त्या पाण्याला पुरला पाहिजे.

आता शेततळं. कागद टाकायचा हे तर खड्ड्यानेच ठरवलं. सरकारी योजनेत ओळखीचा झालेला मोठा आकार 30 बाय 30 बाय 3 मीटरचा. बाजूंना एकास दीड उतार दिला, आणि काळी माती असेल तर तेवढा द्यावाच नाहीतर काठ ढासळतात, तर तळाशी 21 बाय 21 उरतात आणि साठा सुमारे 1970 घनमीटर येतो. वीस लाख लिटर म्हणायला छान वाटतं. आता वजाबाकी करा. ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत ऊन रोज सरासरी पाच-साडेपाच मिलिमीटर पाणी उचलतं. सव्वादोनशे दिवसांत सव्वा मीटर. पाणी नुसतं ठेवलं तर साडेनऊशे ते हजार घनमीटर आकाशात. उरले हजार. मोठ्या मोसंबीला कडक उन्हात रोज शंभर लिटर धरलं आणि एकरात 110 झाडं, तर रोज अकरा घनमीटर. म्हणजे नव्वद दिवस. बरोब्बर एक एकर मोसंबी, फाल्गुन ते ज्येष्ठ. त्यासाठी बांधाच्या मातीसकट जवळपास सोळा गुंठे जमीन गेली.

हे ऐकून भाऊ म्हणाला, "लईच महाग पडतंय की!" पडतंच. पण हे पाणी त्याचं एकट्याचं आहे, मोजता येतं, आणि कधी द्यायचं ते तो ठरवणार. बाग वाळली तर पुन्हा लावून फळ धरायला चार-पाच वर्षं जातात, तो खर्च मोजला तर सोळा गुंठे कमीच. फक्त कापूस-तूर असती तर मी त्याला कागदाचं तळं सुचवलंच नसतं. तिथे एक-दोन संरक्षित पाण्याची गरज असते, एका हेक्टरला एका पाळीला पाचशे घनमीटर, आणि तीही सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा उन्हाने फारसं नेलेलं नसतं. काळ्या जमिनीत बिनकागदाचं तळं त्याला पुरतं.

तळं भरणार कशाने, हा प्रश्न मात्र बहुतेक जण खोदून झाल्यावर विचारतात. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा घनमीटर, आणि शेतातून त्यातलं दहा टक्केच वाहून येतं असं धरा. काळ्या जमिनीच्या भेगा बुजेपर्यंत तर तेवढंही नाही. सातशे मिलिमीटरच्या वर्षी दोन हेक्टरवरून चौदाशे. चारशेच्या वर्षी पाऊस कमी आणि वाहणारा हिस्सा निम्मा, म्हणून हाती चारशेच. म्हणजे दुष्काळात, ज्यासाठी तळं केलं त्याच वर्षी, ते पावही भरत नाही. म्हणून लोक बोअर लावून भरतात. जमिनीखाली थंड सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात पसरायचं आणि निम्म्याच्या आसपास उडू द्यायचं, हा व्यवहार मला कधीच पटलेला नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचा जीव जातो तो वेगळाच.

भावाच्या बाबतीत सुटका त्याच्या विहिरीनेच दाखवली. ऑगस्ट-सप्टेंबरात ती पाच फुटांवर असते, तेव्हा रात्री उपसलं तर सकाळपर्यंत पुन्हा तेवढीच भरते. हे पाणी नाहीतरी झऱ्यांनी नाल्यात जाणार. त्या दोन महिन्यांत तळं भरून घ्यायचं, पोळ्यापासून सुरू करून दसऱ्याच्या आत मोटार बंद. दोन रात्रींनी विहीर पूर्ण भरेनाशी झाली तर त्याच दिवशी थांबायचं, तळं अर्धं असलं तरी.

तळ्याची जागा आम्ही नाल्याजवळून उचलून वर, विहिरीकडे नेली. नाल्याच्या वाटेतलं तळं पहिल्याच पुरात गाळाने भरतं आणि कागदाखाली पाणी शिरलं की तो फुग्यासारखा वर येतो. भोवती तारेचं कुंपण, आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर तळापर्यंत सोडलेले. ओल्या कागदावरून पोहणारा माणूसही वर येत नाही. दोर बांधल्याशिवाय पाणी सोडायचं नाही, हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

बांधासाठी त्याने ग्रामसभेत अर्ज दिला, पाषाणावरच्या जागेसाठी नाही, दोनशे मीटर खालच्या मुरमासाठी. ती जागा त्याच्या विहिरीच्या खाली आहे, त्यामुळे मुरलेलं पाणी बहुतेक खालच्या चार शेतकऱ्यांना मिळेल. सही करताना त्याने ते मला दोनदा विचारून घेतलं. तोवर यंदा भाद्रपद सरला की रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत वाळू भरून त्याच जागी वनराई बंधारा घालायचा ठरलंय. खालचे दोघे गोण्या देणार आहेत.