नाशिकचा नवा चिवडा: दुकानात ठेवायचा की स्वतःचा स्टॉल?

पाव किलोचं पाकीट ८० रुपयांना, माल आणि पॅकिंग ४४ रुपये, असं धरू.

दुकानदाराला २० टक्के, म्हणजे १६ रुपये दिले की पाकिटामागे २० उरतात. हेच योगदान. महिन्याचा स्थिर खर्च ६,००० असेल, तर ३०० पाकिटांवर ना नफा ना तोटा. कॉलेज रोडवरच्या स्टॉलवर योगदान ३६ रुपये, पण भाडं आणि पोराचा पगार धरून स्थिर खर्च १८,०००. तिथे ५०० पाकिटं लागतात.

म्हणून ५०० पार झाली की स्टॉल बरा, असं वाटतं. तसं नाही. दोन्हींचा नफा सारखा होतो ७५० वर. त्याआधी दुकानंच जास्त देतात.

मात्र दुकानातून माल परत येतो, हे कागदावर कुणी लिहीत नाही. दहातलं एक पाकीट मऊ पडून परत आलं, तर त्याचे ४४ रुपये विकलेल्या नऊंवर बसतात. योगदान पंधरावर येतं, ३०० चे ४०० होतात, आणि स्टॉल पावणेसहाशेच्या आसपासच पुढे जातो.

मी आधी दोन महिने दुकानांत ठेवून परतीचा आकडाच मोजेन.