एक बंदर की दोन? बर्फवाल्यांचा हिशेब

समजा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी होड्यांना बर्फाच्या लाद्या विकणारे दोघेच आहेत आणि भाव ठरवून महिन्याला मिळून १ लाख नफा कमावतात. थोरल्याला ८० हजार, धाकट्याला २०. धाकट्याने लादीमागे पाच रुपये कमी केले, की सगळ्या होड्या त्याच्याकडे. महिनाभर जादा ८० हजार. पुढे भावयुद्ध आणि नफा शून्य. पण त्याचे बुडतात महिन्याला फक्त २० हजार, म्हणजे चार महिने तो फायद्यातच. असला समझोता टिकत नाही.

आता हेच दोघे हर्णै बंदरातही आहेत, पण तिथे वाटे उलटे. धाकट्याने फक्त मिरकरवाड्यात भाव पाडला, तरी थोरला हर्णैतही पाडणार. जादा मिळाले ८० हजार, बुडाले महिन्याला १ लाख. दोन्हीकडे एकदम पाडला तरी जादा १ लाखच. एका महिन्यातच हिशेब फिटतो, म्हणून दोघे गप्प.

मात्र दोन्ही बंदरांत निम्मे-निम्मे वाटे असते, तर लालूच दुप्पट आणि शिक्षाही दुप्पट, फरक शून्य. बर्नहाइम आणि व्हिन्स्टन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हेच दाखवलं. बळ नुसत्या दुसऱ्या बंदरात नसतं, तिथल्या उलट्या वाट्यात असतं. होड्यांना मात्र लादी दोन्हीकडे महागच.