पितळ–तांबे की निकेल–तांबे? किर्केंडॉल परिणामाच्या प्रोजेक्टसाठी

दोन धातूंच्या जोडात एकाचे अणू दुसऱ्यापेक्षा वेगाने पसरले की जोडावरची खूण सरकते आणि वेगवान धातूच्या बाजूला पोकळ्या उरतात, हा किर्केंडॉल परिणाम. मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यावर मेटलर्जीचा प्रोजेक्ट करताना धातूंची ही निवड पुढे येते. माझं मत आधीच सांगतो: खुणेच्या तारा सरकलेल्या मोजायच्या असतील तर पितळ घ्या, पोकळ्यांचे फोटो हवे असतील तर निकेल.

पितळाचा मार्ग जुना आहे. स्मिगेल्स्कास आणि किर्केंडॉल यांनी 1947 मध्ये 70-30 पितळाच्या, म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त असलेल्या कांबीवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवल्या, वरून तांब्याचा जाड मुलामा चढवला आणि कांब 785 अंशांवर तापवली. समोरासमोरच्या तारा एकमेकींच्या जवळ आल्या. जस्त बाहेर पडतं त्या वेगाने तांबं आत येत नाही, म्हणून तारांच्या आतला भाग आकसतो. एका दिवसात प्रत्येक बाजूची तार साधारण 0.015 मिलिमीटर सरकली, 56 दिवसांत 0.124. वेळ 56 पट, पण सरकणं आठपटच, कारण ते वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे एका दिवसाचा नमुनाही सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. सेमिस्टरमध्ये बसणारी गोष्ट!

अडचण जस्ताची. ते भट्टीत वाफ होऊन उडतं आणि पितळात स्वतःची छिद्रं सोडतं. म्हणून सगळ्या बाजूंनी मुलामा हवा, आणि व्हॅक्यूम तर नकोच. गुलालवाडीत पितळ घेताना लेथवर चालणारा रॉड घेऊ नका. त्यात शिसं असतं, ते 327 अंशांवरच वितळतं आणि त्याच्या जागा पोकळ्यांसारख्या दिसतात. 70-30 ची शीट मागा.

निकेल–तांब्यात हा घोळ नाही. तांबं जास्त वेगाने निघतं, त्यामुळे खुणा तांब्याच्या बाजूला सरकतात आणि पोकळ्याही त्याच बाजूला दिसतात. मात्र तापमान 1000 अंशांच्या आसपास लागतं आणि आर्गॉन किंवा व्हॅक्यूमही, नाहीतर ऑक्साइडचा थर जोडच होऊ देत नाही. मॉलिब्डेनम निकेलमध्ये विरघळतं, म्हणून खुणेला अॅल्युमिनाची भुकटी बरी.

खुणांचं सरकणं आणि पोकळ्या दोन्ही एकाच नमुन्यातून भरघोस मिळतील ही अपेक्षा मात्र सोडा. वेगवान अणू निघून गेले की त्या बाजूला स्फटिकात रिक्त जागा साचतात. त्या डिसलोकेशनवर, म्हणजे स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषांवर, जिरल्या तर अणूंची जाळी आकसते आणि खूण सरकते. जिरल्या नाहीत तर एकत्र येऊन पोकळी होते, आणि तेवढं सरकणं कमी भरतं. जोड दाबाखाली तापवला तर पोकळ्या कमी होतात. मोजमापासाठी ते सोयीचं, फोटोसाठी नाही.

पॉलिश करताना मऊ तांबं पोकळीवर पसरून ती झाकतं किंवा उलट कण उपटून नवा खड्डा पाडतं. शेवटचं पॉलिश हलक्या हाताने करा, मग फेरिक क्लोराइडने पृष्ठभाग किंचित झिजवून, म्हणजे एच करून, पुन्हा बघा. खऱ्या पोकळ्या वेगवान धातूच्या बाजूला, जोडाला समांतर पट्ट्यात असतात. सगळीकडे विखुरलेले खड्डे पॉलिशचे समजा. पितळ निवडलंत तर मुलामा न दिलेला नुसत्या पितळाचा तुकडाही त्याच भट्टीत ठेवा. त्यातली छिद्रं जस्त उडाल्याची असतात.