घरी गोळ्या, दिवसभराचं सलाईन की ॲडमिट? उलट्या थांबतच नसतील तर कसं ठरवायचं

आधी एक सांगते, डोहाळे म्हटलं की उलट्या व्हायच्याच हे आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की हायपरएमेसिस ग्रॅव्हिडारमची, म्हणजे गरोदरपणातल्या अती उलट्यांच्या आजाराची बाई सुद्धा "सहन कर गं, तिसरा महिना संपला की थांबेल" ऐकत ऐकत आठ आठ दिवस घरी काढते आणि मग वॉर्डात येते तेव्हा जीभ कोरडी ठाक, नाडी जोरात, उभी केली की चक्कर. मी स्टाफ नर्स आहे, बायकांच्या वॉर्डला, तर जे रोज बघते त्यावरून तीन पर्याय शेजारी शेजारी ठेवते.

आणि हे मनाचे खेळ नाहीत बरं का. 2023 मध्ये संशोधनातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं की बाळाच्या बाजूने तयार होणारं जीडीएफ15 नावाचं हार्मोन आणि आईचं शरीर त्याला किती सेन्सिटिव्ह आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. तेव्हा "फार लाड करून घेते" म्हणणाऱ्या काकूंना हे खुशाल सांगा.

ठरवताना किती वेळा उलटी झाली एवढंच मोजू नका. तीन गोष्टी बघा: पाणी पोटात टिकतंय का, गोळी टिकतेय का, आणि वजन किती उतरलं. गरोदर राहण्याआधीच्या वजनाच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं की तो साध्या मळमळीचा विषय राहत नाही.

पहिला पर्याय, घरी. घोट घोट का होईना पाणी, ओआरएस, ताक असं काहीतरी राहतंय, लघवी होतेय आणि ती गडद पिवळी नाही, तर घरी चालतं. पण घरी म्हणजे आलं चघळत बसणं नव्हे, डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घेणं. आपल्याकडे सुरुवात बहुतेक डॉक्सिलामाइन आणि पायरिडॉक्सिनच्या गोळीने होते. ही बऱ्याचदा हळू विरघळणारी असते, म्हणून रात्री घेतली की सकाळी उपयोग होतो, आणि ती तोडायची चावायची नाही. बायका काय करतात, उलटी झाली की घेतात, बरं वाटलं की सोडतात, आणि मग म्हणतात गोळीने काही होत नाही. झोप येते हे मात्र खरं. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर थोडे दिवस थांबवू का असं डॉक्टरांना विचारा, फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवा.

दुसरा, डे केअर, म्हणजे सकाळी जायचं, सलाईन आणि शिरेतून औषध घ्यायचं, लघवी नीट व्हायला लागली की संध्याकाळी घरी. घरच्या गोळ्यांनी भागत नाहीये पण बाकी गुंतागुंत नाही, अशा बाईला हे उत्तम. घरच्यांना पण बरं पडतं.

पण इथेच एक गोष्ट मला मनापासून खटकते. गल्लीतल्या दवाखान्यात "अशक्तपणा आलाय" म्हणून ग्लुकोजची बाटली लावतात, त्यात पिवळं इंजेक्शन टाकतात, आणि बाई खूश होऊन घरी जाते. जी बाई दोन तीन आठवडे धड जेवलेली नाही तिच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे बी1, संपत आलेलं असतं. साखर वापरायला शरीराला थायमिन लागतं, तेव्हा ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं पण संपतं आणि वेर्निके नावाचा मेंदूचा आजार होऊ शकतो. बाई गोंधळल्यासारखं बोलते, डोळे स्थिर राहत नाहीत, एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो. हे कायमचं राहू शकतं. म्हणून आधी थायमिन, आणि पाणी भरून काढायला नॉर्मल सलाईन, त्यात रिपोर्ट बघून पोटॅशियम. बाटलीचा पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी2 चा असतो, थायमिन पुरेसं गेलं की नाही ते रंगावरून कळत नाही, त्यामुळे सरळ विचारा, "सिस्टर, थायमिन दिलंय का?" आम्हाला राग येत नाही.

तिसरा, ॲडमिट. हे कधी, ते एका उदाहरणाने बघू. समजा वजन आधी 54 किलो, आता नववा आठवडा आणि काट्यावर 50.5. साडेतीन किलो गेले, म्हणजे साधारण साडेसहा टक्के. मळमळीचा एक स्कोअर असतो, प्यूक नावाचा, 3 ते 15 मध्ये. हिला दिवसभर मळमळ, त्याचे 5, पाच सहा उलट्या त्याचे 4, तीन चार वेळा कोरडे उमासे त्याचे 3, झाले 12. तेरापासून पुढे तीव्र धरतात, मग ही मध्यमच की! पण गोळी अर्ध्या तासात बाहेर येतेय आणि वजन इतकं उतरलंय, तेव्हा स्कोअर बाजूला ठेवून हिला ॲडमिट करावंच लागतं.

ॲडमिट केल्यावर सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघतात, लघवीत इन्फेक्शन आहे का बघतात आणि आधी झाली नसेल तर सोनोग्राफी, कारण जुळं किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे वारेची द्राक्षांच्या घडासारखी चुकीची वाढ, असला तरी उलट्या अशाच जोरात होतात. लघवीच्या पट्टीवर कीटोनचा रंग गडद आला की घरचे घाबरतात, पण कीटोन उपाशीपणा सांगतात, शरीर किती कोरडं पडलंय ते त्यावरून ठरवत नाहीत. सोडियम खूप कमी असेल तर ते हळूहळूच वर आणायचं असतं, तेव्हा "बाटली जरा फास्ट करा ना" म्हणू नका.

उलटी थांबवणारी औषधं शिरेतून जातात कारण तोंडाने टिकतच नाही. मेटोक्लोप्रमाइड चालतं पण पाच दिवसांपेक्षा जास्त सहसा देत नाहीत, आणि मान किंवा जबडा वाकडा ओढला जातोय असं वाटलं तर लगेच बोलायचं, ते त्याच औषधामुळे असतं. ऑन्डान्सेट्रॉनबद्दल सगळ्याजणी विचारतात, बाळाला काही होईल का? पहिल्या तीन महिन्यांत घेतलं तर ओठ किंवा टाळू फाटलेली असण्याचा धोका अगदी किंचित वाढतो असं दिसलंय, दर 10,000 बाळांमागे साधारण 11 ऐवजी 14. दुसऱ्या औषधांनी थांबत नसेल तर डॉक्टर हा हिशोब समजावून ते देतातच. बद्धकोष्ठ होतं मात्र जबरदस्त, आणि पोटॅशियम कमी असेल तर आधी ते भरावं लागतं, हृदयाच्या ठोक्यांसाठी. शिवाय झोपून राहिल्याने आणि पाणी कमी झाल्याने पायात रक्ताची गाठ व्हायची भीती, म्हणून पोटाच्या कातडीखाली रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, त्याला घाबरू नका.

या काळात टीएसएच कमी आलं म्हणून लगेच वाढलेला थायरॉईड कमी करायची गोळी सुरू करायची घाई पण नको, गरोदरपणाच्या हार्मोनमुळे तसं येतं आणि बहुतेकदा आपोआप जागेवर येतं.

खर्चाचं म्हणाल तर डे केअर अर्थातच स्वस्त, पण तीन वेळा डे केअरला जाऊन प्रत्येक वेळी रात्री परत तेच होत असेल तर एकदाच ॲडमिट होऊन नीट सेट होणं शहाणपणाचं.

थेट हॉस्पिटल, फोनवर चर्चा न करता: आठ तास लघवी नाही, 24 तास काहीच टिकलं नाही, उलटीत रक्त, ताप, पोटात जोराची कळ, उभं राहिल्यावर डोळ्यापुढे अंधारी, किंवा बोलण्यात गोंधळ. आणि उलट्या सोळाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या असतील तर डोहाळे समजून बसू नका, अपेंडिक्स, पित्ताशय, दुसरं काहीतरी शोधावं लागतं.

जाताना कागदावर आधीचं वजन, आत्ताचं वजन, शेवटची लघवी किती वाजता आणि कोणती गोळी किती मिनिटं टिकली एवढं लिहून आणा. डिस्चार्जनंतर गोळ्या बरं वाटलं म्हणून बंद करू नका, दोन दिवसांनी परत येणाऱ्या बहुतेकजणींनी तेच केलेलं असतं.