परदेशातल्या नातेवाइकासाठी फ्लॅट घेताय? एजंटने दिलेल्या भाषांतरावर पैसे पाठवू नका

माझा भाचा म्युनिकला असतो. लहानपणापासून तिकडेच वाढल्यामुळे मराठी बोलतो, पण कायदेशीर मराठी त्याला वाचता येत नाही. कळंबा रोडला त्याने ६० लाखांचा फ्लॅट घेतला. करारनामा मराठीत होता. एजंट म्हणाला, "इंग्रजी भाषांतर आम्हीच देतो, वेगळा खर्च नको." कुलमुखत्यारपत्रही एजंटच्याच ओळखीच्या माणसाच्या नावे करून घेतलं. पोरगं विश्वासानं हप्ते पाठवत राहिलं.

यंदा मी साइटवर गेलो तेव्हा इमारतीचं जोतं नुकतंच पूर्ण झालं होतं. भाच्याचे ४२ लाख मात्र गेले होते. दुय्यम निबंधकाकडून नोंदणीकृत कराराची प्रत काढली आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून एकेक कलम वाचलं.

मूळ करारात हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधलेले होते: करारानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर एकूण ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांतल्या नमुना करारातही हेच टप्पे आहेत. भाषांतरात टप्पे गायब, त्या जागी नुसत्या तारखा. जोत्यापर्यंत २७ लाख देय होते. तारखा बघून ४२ गेले. म्हणजे काम झालेलं नसताना १५ लाख जास्त.

कार्पेटचं, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या क्षेत्रफळाचंही तसंच. मूळ करारात कार्पेट ६५ चौरस मीटर आणि बाल्कनी ९, असं वेगवेगळं लिहिलंय. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, स्वतःच्या वापराची बाल्कनी धरत नाहीत. भाषांतरात सरळ 'कार्पेट ७४'. भाच्याने दर ठरवला तो या ७४ वर.

ताबा मूळ करारात जून २०२७ ला, भाषांतरात जून २०२६ ला. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण उशीर झाल्यास व्याज किंवा परतावा मागण्याचा हक्क करारातल्या तारखेपासून मोजला जातो. भाषांतरातली तारीख धरून तो वर्षभर आधी भांडायला गेला असता, तर हाती काहीच लागलं नसतं.

एजंटला विचारलं, तर म्हणतो, "ते फक्त माहितीसाठी होतं." त्या कागदावर ना भाषांतरकाराचं नाव, ना सही. सही मुद्दामच नव्हती, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून भाषांतरकार तुमचा तुम्ही नेमा, आणि त्याची प्रत्येक पानावर सही घ्या. कलमांचे क्रमांक मूळ करारासारखेच ठेवायला सांगा, म्हणजे मराठी न वाचणाऱ्यालाही एखादं कलम गळलेलं कळतं. प्रत्येक हप्त्याआधी आर्किटेक्टचा टप्पा पूर्ण झाल्याचा दाखला मागा, आणि प्रकल्प पूर्ण होण्याची बिल्डरने जाहीर केलेली तारीख महारेराच्या संकेतस्थळावर बघा. कुलमुखत्यारपत्र फक्त घरच्या माणसाला द्या.

जादा गेलेल्या १५ लाखांसाठी आम्ही बिल्डरला वकिलामार्फत नोटीस दिली आहे, आणि आधीचं कुलमुखत्यारपत्र रद्द केलं आहे.