पातोळ्यांचं मोदकपात्र, कुकर आणि उघडं पातेलं: हिरव्या भाज्यांचा काही महिन्यांचा अनुभव

चवथीच्या आधी पातोळ्यांसाठी स्टीलचं मोदकपात्र घेतलं. खाली पाण्याचं भांडं, वर जाळीची ताटली, त्यावर घुमटासारखं झाकण. सण झाल्यावर ते माळ्यावर जाणार होतं. त्याऐवजी तेव्हापासून रोजच्या हिरव्या भाजीला वापरतोय, आणि जोडीला घरातला तीन लिटरचा कुकर आणि उघडं पातेलंही आलटूनपालटून. गोव्यात फोंड्याला राहतो, घरात स्वयंपाक बराचसा मीच करतो, आणि आईला कुकरातून निघालेली शेवाळी भाजी बघवत नाही. तिच्या मते रंग गेला म्हणजे सत्त्व गेलं. वापर सुरू झाला तो या मुद्द्यावरून. माझं मत आधीच सांगून टाकतो: रंगासाठी उघडं पातेलं सगळ्यांत चांगलं, जीवनसत्त्वांसाठी तेच सगळ्यांत वाईट, आणि कुकर दिसतो तितका दोषी नाही.

फरसबीचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण तिच्यात फरक सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पाव किलो फरसबी, इंचभराचे तुकडे. पातेल्यात दीड-दोन लिटर पाणी खळखळून उकळलं की तुकडे टाकायचे, झाकण ठेवायचं नाही. अर्ध्या-एक मिनिटात फरसबी कच्चीपेक्षाही जास्त हिरवी दिसायला लागते. तिथे नवा रंग तयार होत नाही. पेशींच्या मधे अडकलेली हवा निघून जाते आणि आतला रंग थेट दिसतो. पाच मिनिटांत दाताला लागेल इतपत शिजते. तेव्हा गाळून ताटात पसरायची आणि पंख्याखाली ठेवायची. बर्फाच्या पाण्यात टाकायची पद्धत मी सोडली, कारण उकळताना पाण्यात जायचं ते गेलेलंच असतं, त्यात आणखी एक अंघोळ कशाला.

त्यानंतर काय होतं तेही बघण्यासारखं आहे. दोन-चार तुकडे पातेल्यात तसेच ठेवा. सात-आठ मिनिटांनंतर हिरव्यात पिवळट छटा येते आणि पुढे तो रंग जुन्या फौजी कापडासारखा होतो. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. भाजीच्या पेशींत मुळातच सेंद्रिय आम्लं असतात. उष्णतेने पेशी फुटल्या की ती आम्लं हरितद्रव्यापर्यंत पोचतात, मॅग्नेशियम निघून जातं आणि त्याच्या जागी हायड्रोजन येतो. उरतं ते फिओफायटिन, आणि त्याचाच तो शेवाळी रंग. पातेल्यात पाणी भरपूर असल्यामुळे आम्ल पातळ होतं, झाकण नसल्यामुळे उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर निघून जातात. म्हणून रंग टिकतो.

आता गाळलेलं पाणी पेल्यात घेऊन उजेडात धरा. ते पिवळसर हिरवं असतं आणि चवीला फरसबीच लागते. क जीवनसत्त्व आणि फोलेट दोन्ही पाण्यात विरघळतात, तेव्हा ती चव जिथे गेली तिथेच त्यांचाही बराच भाग गेला. पालकासारख्या पातळ पानांत फोलेटचा जवळजवळ निम्मा भाग अशा उकळण्याने जाऊ शकतो. म्हणजे ताटातली भाजी हिरवीगार आणि पोषण बेसिनमध्ये. ते पाणी डाळीत किंवा तोणाकात घातलं तर फोलेट तरी वाचतं. क मात्र थोडं उष्णतेने आणि हवेने आधीच गेलेलं असतं.

मोदकपात्रात तीच फरसबी करताना पाणी आधी उकळू द्यायचं, मग ताटली ठेवायची. थंड पाण्यावर ठेवून गॅस लावला तर भाजी बराच वेळ कोमट राहते, आणि त्या वेळात क जीवनसत्त्व मोडणारं भाजीतलं एन्झाइम चालूच असतं. उकळीच्या वाफेत ते लवकर बंद पडतं. थर एकच असावा. जाळीवर डोंगर केला तर खालची फरसबी मऊ आणि वरची करकरीत, हे हमखास. पाच-सहा मिनिटं पुरतात. झाकणाचा घुमट असल्यामुळे पाणी कडेने ओघळतं, सपाट झाकण असलेल्या भांड्यात ते थेट भाजीवर ठिबकतं आणि त्याबरोबर आम्लही परत येतं. तिसऱ्या मिनिटाला एकदा झाकण उचलून वाफ सोडली तर रंग थोडा जास्त टिकतो असा माझा अनुभव. रंग पातेल्याइतका नाही, पण जवळ जातो. खालच्या भांड्यातलं पाणी बघा, जेमतेम पिवळसर झालेलं असतं. गळती कमी झाल्याचं हे घरात दिसणारं चिन्ह.

आता कुकर. आपल्याकडे भाजीचा डबा डाळ-भाताबरोबर लावायची सवय असते. चार शिट्ट्या, मग प्रेशर आपोआप उतरेपर्यंत वाट. आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं, आणि गॅस बंद केला तरी पुढची आठ-दहा मिनिटं भाजी शिजतच असते. फरसबीचा लगदा होतो तो शिट्टीपेक्षा या उतरण्याच्या वेळात. झाकण घट्ट असल्यामुळे आम्लाला बाहेर जायला वाट नसते, रंग जाणारच.

पण फरसबी एकटी लावा. पाव वाटी पाणी, मध्यम आच, एक शिट्टी, गॅस बंद, आणि लगेच कुकर नळाखाली धरून झाकणावर थंड पाण्याची धार सोडा. प्रेशर पूर्ण उतरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. असं केलं की भाजी शिजते, रंग जरासा उतरतो, लगदा होत नाही. आणि इथेच आईचा नियम मोडतो. कुकरात वाफेने हवा बाहेर ढकललेली असते, त्यामुळे ऑक्सिजनने होणारी क ची नासाडी कमी. पाणी थोडं, आणि तेही भाजीतच आटवलं तर गळती जवळजवळ नाही. वेळ थोडका. म्हणून फिकट दिसणाऱ्या या फरसबीत क जीवनसत्त्व पातेल्यातल्या हिरव्यागार फरसबीपेक्षा जास्त असू शकतं. हरितद्रव्य जातं आम्लाने, क जातं पाण्याने, हवेने आणि वेळेने. एकाची खूण बघून दुसऱ्याचा हिशेब लावता येत नाही. शिवाय आपल्याकडची फरसबी बरीचशी बेळगावहून येते. तोडल्यापासून कढईपर्यंतच्या प्रवासातच थोडं क कमी झालेलं असतं, तेही धरायला हवं.

एक गोष्ट मात्र खास इथली. घरी नळाचं पाणी आहे, पण मामाच्या गावी, सत्तरी तालुक्यात, विहिरीचं वापरतात. तिकडे तीच भांडी, तोच वेळ, तरी उकळलेली फरसबी लवकर मळकट व्हायची. जांभ्या दगडातलं विहिरीचं पाणी सहसा मऊ आणि किंचित आम्ल असतं, त्याचा हा परिणाम असावा असं मला वाटतं. वाफेवर केलं तर तो फरक जवळजवळ दिसत नव्हता, कारण भाजी पाण्यात बुडतच नाही. विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांना मोदकपात्राची शिफारस करण्याचं माझ्याकडे हे स्वतंत्र कारण आहे.

पालेभाजीला मी यातलं काहीच वापरत नाही. मस्काचा म्हणजे शेवग्याचा पाला असो की तायकिळो म्हणजे टाकळा, कढईत थोडं तेल, कांदा, ओली मिरची, वर पाला, आणि खोलगट ताटलीत पाणी घालून झाकण. ताटलीतलं पाणी थंड, त्यामुळे आतली वाफ तिला लागून परत भाजीत पडते. आम्लंही परत पडतात, म्हणून रंग गडद होतो, त्याला इलाज नाही. पण काहीही ओतून दिलं जात नाही. पाल्यात मुख्यतः जे मिळवायचं ते बीटा कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व, आणि ही दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. उलट शिजल्यामुळे कॅरोटीन पानातून मोकळं होतं, आणि शरीरात जायला त्याला स्निग्धता लागते. शेवटी मूठभर चून, म्हणजे खवलेला नारळ, घालायची आपली पद्धत त्या दृष्टीने नेमकी आहे. बाजारात पाला घेताना बाई म्हणते, “ताजो आसा, बाय,” मी पुरुष असलो तरी, आणि तो खरंच सकाळी तोडलेला असतो. मस्काच्या डहाळ्या मात्र घरी आल्यावर लगेच ओरबाडून घ्याव्यात, नाहीतर पानं गळून पिशवीत काळी पडतात. तांबडी भाजी याहून वेगळी, तिचा रंग पाण्यातच विरघळतो. ती उकळून पाणी ओतलं तर रंगही तिथेच गेला.

भेंडीचं कोडं सुटलेलं नाही. भेंड्यात सोलं घातली की बुळबुळीतपणा कमी होतो, चवही येते, पण आम्ल घातल्यावर हिरवा रंग मिनिटांत जातो. सात शिरांचे भेंडे पहिल्यांदा आणले तेव्हा रंगासाठी सोलं टाळली, आई म्हणाली, “रंग खाणार का भाजी?” आता भेंडे मोठ्या आचेवर उघड्या कढईत परतून जवळजवळ शिजवतो आणि सोलं शेवटच्या दोन मिनिटांत घालतो. रंग थोडा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. आंबट बिमलीचंही तेच, ती आधी घातली तर काही राहत नाही. मिठाने मात्र असं होत नाही, ते केव्हाही घाला.

चिमूटभर खाण्याचा सोडा घालण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. रंग टिकतो, अगदी झगमगतो, हे खरं आहे. पण सोड्याने भाजीच्या पेशींची भिंत विरघळते, फरसबी बाहेरून चिकट आणि आतून लिबलिबीत होते, शिवाय क आणि ब १ दोन्ही झपाट्याने जातात. मी वापरत नाही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यातही हिरवा रंग टिकतो, कारण तांबं मॅग्नेशियमच्या जागी बसतं. त्या भांड्यात शिजवू नका, तांबं पोटात जातं.

मोदकपात्राबद्दलच्या तक्रारी: जाळीच्या भोकांत भाजीचे तुकडे अडकतात आणि घासायला ब्रश लागतो. झाकणाचा दांडा तापतो, कापड हवंच. भांड्याचा तळ पातळ आहे, पाणी संपलं तर लगेच निळसर डाग पडतो, म्हणून दोन वाट्यांपेक्षा कमी पाणी घालत नाही. चौघांच्या भाजीला एकच ताटली पुरत नाही, दोन खेपांत करावी लागते, आणि दुसऱ्या खेपेला पाणी पुन्हा उकळेपर्यंत थांबावं लागतं. फक्त फरसबी, ब्रोकोली आणि चवळीच्या शेंगांसाठी विकत घेणार असाल तर हाताशी असलेल्या इडलीपात्रावर आधी करून बघा. आमच्याकडे पातोळ्याही होतात, म्हणून सातेकशे रुपये वसूल झाले.